ॲव्हरेज १७ वरून १४.५ वर: ओबीडीचे आकडे बघून दोष ई२० ला द्यायचा की गाडीला?

प्राजक्ता_नाशिक (धागाकर्ती)

माझी २०२० ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे, बीएस६, मॅन्युअल. रोजचं येणं-जाणं नाशिक ते इगतपुरी, म्हणजे जवळजवळ सगळं हायवेचं. टाकी फुल ते टाकी फुल असं मोजून गेली काही वर्षं १७ चं ॲव्हरेज मिळत होतं. पावसाळा संपल्यापासून ते उतरत गेलं आणि आता १४.५ वर आलंय. सर्व्हिस सेंटरला दाखवलं. एअर फिल्टर आणि प्लग बदलून दिले, स्कॅनर लावला, एकही कोड नाही. "मॅडम, ई२० आहे, सगळ्यांचंच कमी झालंय" म्हणाले.

ते पटेना म्हणून ब्लूटूथवालं ओबीडी अडॅप्टर घेतलं आणि Torque मध्ये लाइव्ह डेटा बघायला लागले. परवा सकाळी सपाट रस्त्यावर ताशी ६० ला, चौथ्या गिअरमध्ये, एसी बंद असताना हे आकडे होते. घरून निघून अर्धा तास झाला होता. फोन अर्थातच नवऱ्याच्या हातात होता, मी चालवत होते.

```
Engine Coolant Temperature     66 °C
Intake Air Temperature         27 °C
Intake Manifold Pressure       45 kPa
Engine RPM                     2000
Fuel Trim Bank 1 Short Term    +0.8 %
Fuel Trim Bank 1 Long Term     +5.5 %
```

दोन प्रश्न आहेत. लाँग टर्म ५.५ म्हणजे काय समजायचं? आणि ॲप ट्रिपचं ॲव्हरेज १९ दाखवतं, पंपावर मात्र १४.५ येतं. मग या ॲपवर विश्वास कसा ठेवायचा?

किलोमीटरराव

सोपं आहे. लाँग टर्म +५.५ म्हणजे गाडी ५.५ टक्के पेट्रोल जास्त पितेय. इंजेक्टर साफ करून घ्या आणि ईसीयू रिसेट मारा. ॲपमध्येच कोड क्लिअर करायचं बटण असतं. ट्रिम शून्यावर येईल, ॲव्हरेज परत येईल.

गॅरेज_सांगली

प्राजक्ताताई, ते बटण आत्ता दाबू नका. कोड क्लिअर केले की ईसीयूने शिकून ठेवलेला लाँग टर्म पुसला जातो. थोडे दिवस शून्याजवळ दिसेल आणि शिकत शिकत परत तिथेच येईल. मधल्या काळात तुमच्या हातातला पुरावा मात्र गेलेला असेल.

किलोमीटरराव, ट्रिमचा अर्थ तसा नाही. ईसीयू हवेच्या अंदाजावरून ठरवतो की इतकं पेट्रोल टाकायचं. मग सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर सांगतो की मिश्रण पातळ झालं की जाड. त्यावरून ईसीयू आपला अंदाज सुधारतो, आणि त्या सुधारणेचा आकडा म्हणजे ट्रिम. सुधारणा झाल्यावर मिश्रण पुन्हा हवं तसंच असतं. प्रेशर सेन्सर हवा थोडी कमी सांगत असेल तर ट्रिम +८ दिसेल आणि गाडी एक थेंबही जास्त पिणार नाही. म्हणून ट्रिमचा आकडा थेट ॲव्हरेजमधून वजा करता येत नाही. अंदाज का चुकला ते शोधायला तो वापरायचा.

आता या गाडीपुरतं. २०२० ची गाडी ई१० धरून बनलेली आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त टाकावं लागतं. ई१० ला एक ग्रॅम इंधनामागे साधारण १४.१ ग्रॅम हवा, ई२० ला साधारण १३.५. भागाकार केला तर ई१० वरून ई२० वर गेल्यावर सुमारे ४ टक्के जास्त इंधन. तुमचा शॉर्ट आणि लाँग मिळून ६ च्या आसपास आहे. आधीचा आकडा आपल्याकडे नाही, पण यातला मोठा वाटा ई२० चा आहे असं मी धरेन. गरम इंजिनवर दोन्हींची बेरीज १० च्या आत असेल तर मी इंजेक्टरला हात लावत नाही.

पण हिशेब बघा. १७ चे ४ टक्के गेले तर १६.३ यायला हवं. तुमचं १४.५ आहे. म्हणजे जवळपास दोन किलोमीटर दुसरीकडे कुठेतरी जातात. आणि ते कुठे जातात त्याचं उत्तर तुमच्या यादीच्या पहिल्याच ओळीत आहे असं मला वाटतं. अर्धा तास हायवेवर चालून कूलंट ६६?

किलोमीटरराव

म्हणजे ई२० मुळे ट्रिम वाढला असेल तर पेट्रोल खरंच जास्त जातंय, हे माझं बरोबरच ना?

गॅरेज_सांगली

ई२० च्या बाबतीत हो. तिथे इंधनाचीच ताकद कमी आहे, त्यामुळे ट्रिम आणि लिटर दोन्ही बरोबर वाढतात. सेन्सरमुळे वाढलेल्या ट्रिमला ते लागू नाही. आकडा तोच दिसतो, कारण वेगळं असतं.

अप्पा_जोगेश्वरी

हे ओबीडीवालं यंत्र लावलं की मुलगा गाडी कुठे घेऊन जातो ते घरबसल्या कळतं ना? किंमत किती पडते आणि सिम कोणतं लागतं?

प्राजक्ता_नाशिक

अप्पा, ते वेगळं. सिमवालं जीपीएस ट्रॅकरही त्याच पोर्टला लागतं, पण माझं अडॅप्टर फक्त जवळच्या फोनशी बोलतं. गाडी कुठे आहे ते यातून कळत नाही.

@गॅरेज_सांगली, ६६ कमी आहे का? माझ्या गाडीत टेंपरेचरचा काटाच नाही. थंड असताना निळा दिवा असतो, तो थोड्या वेळात जातो, आणि तापली तर लाल लागेल म्हणतात. निळा दिवा नेहमीसारखाच जातो. ॲपमध्ये नाशिकच्या ट्रॅफिकला ८५-८८ दिसतं, हायवेला लागलं की उतरतं. मला वाटलं वारा लागतो म्हणून उतरत असेल.

गॅरेज_सांगली

वारा लागतो म्हणूनच उतरतं, पण तो वारा थांबवायला थर्मोस्टॅट असतो. कूलंट गरम होईपर्यंत तो रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत ८२ ते ८८ च्या दरम्यान उघडायला लागतो, आणि कूलंट त्याखाली जायला लागलं की परत मिटतो. म्हणून चांगल्या गाडीत ट्रॅफिक असो की हायवे, आकडा त्या पट्ट्याच्या फारसा खाली येत नाही. थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर ट्रॅफिकमध्ये, वारा नसताना, आकडा नॉर्मल दिसतो आणि वेग घेतला की साठीत जातो. तुमची गोष्ट नेमकी हीच आहे.

निळ्या दिव्यावर जाऊ नका. इंजिन पूर्ण तापायच्या बरंच आधी तो विझतो, ६६ ला तो तुम्हाला काहीच सांगणार नाही.

पार्ट बदलण्याआधी सेन्सर खरं बोलतो का ते बघा. गाडी रात्रभर उभी राहू दे. सकाळी इंजिन चालू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि कूलंटचं आणि इनटेक हवेचं तापमान शेजारी शेजारी बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. दोन-तीन अंशांचा फरक चालतो, दहा-बाराचा असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर आधी बघायची.

मग इंजिन चालू करून बॉनेट उघडा आणि रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावून ठेवा. पंख्यापासून हात, ओढणी, बाही लांब. कूलंट ६०-६५ दाखवेपर्यंत नळी गारच राहायला हवी. पहिल्या काही मिनिटांतच ती आकड्याबरोबर कोमट होत गेली तर वाट उघडी आहे. एक लक्षात घ्या, काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या नळीच्या बाजूला असतो, तिथे ही हाताची परीक्षा नीट लागत नाही. तेव्हा हायवेवरचा आकडाच खरा.

प्रश्नचिन्ह

एक शंका. ६६ अंशांवर गाडी क्लोज्ड लूपमध्ये असणारच, आणि ताईंचा शॉर्ट टर्म हलतोय म्हणजे आहेच. क्लोज्ड लूपमध्ये मिश्रण ऑक्सिजन सेन्सर ठरवतो. मग इंजिन थंड आहे म्हणून जादा पेट्रोल कुठून जाणार? "थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं" हे जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातलं वाटतं.

गॅरेज_सांगली

प्रश्न रास्त आहे. मिश्रण तेच राहतं, पण तेवढ्याच वेगाला मिश्रण जास्त लागतं. ऑइल घट्ट, म्हणून घर्षण जास्त. सिलिंडरच्या भिंती थंड, म्हणून जळण्यातली उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी भिंतीत जास्त जाते. थंड इंजिनला ईसीयू आयडल चढं ठेवतो. दर वेळी स्टार्ट केल्यावर जादा पेट्रोल द्यायचा काळ लांबतो, कारण तो कूलंटच्या आकड्याला बांधलेला असतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजेक्टर बंद व्हायची जी सोय असते, ती इंजिन पुरेसं तापल्याशिवाय लागू होत नाही.

कशाचा वाटा किती ते मी सांगू शकत नाही, गाडीगणिक वेगळं असतं. पण ताईंचा रस्ता असा आहे की यातली शेवटची गोष्ट तपासता येईल. इगतपुरीच्या पुढे लगेच कसारा घाट आहे, तो उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण सोडा आणि शेजारच्याला ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज बघायला सांगा. साधा सेन्सर असेल तर इंजेक्टर बंद झाल्यावर तो शून्याजवळ जाऊन तिथेच बसतो. वरखाली करत राहिला तर उतारालाही पेट्रोल चालू आहे.

न्यूजर्सीकर

इकडे थंडीत हा प्रकार फार दिसतो. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं आहे आणि थर्मोस्टॅट उघडा अडकला की P0128 कोड येतो, चेक इंजिन लागतं. ताईंच्या गाडीत कोड का नाही?

गॅरेज_सांगली

तिकडे बाहेर उणे तापमान असतं, आकडा पटकन खूप खाली जातो. इथे ताईंची गाडी ट्रॅफिकमध्ये ८५ गाठते. अट एकदा पूर्ण झाली की पुढे आकडा उतरला तरी कोड लागेलच असं नाही. कोड नाही म्हणजे दोष नाही, असं धरून स्कॅनर काढून ठेवणारे पुष्कळ. त्याच स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडून गाडी दहा किलोमीटर चालवली असती तर सर्व्हिस सेंटरलाही हे दिसलं असतं.

डिझेलवाला_लातूर

माझी १.५ डिझेल आहे, बीएस६. असंच अडॅप्टर लावलं तर फ्युएल ट्रिम कायम शून्य किंवा रिकामं. अडॅप्टर डुप्लिकेट आहे का? आणि ॲप ॲव्हरेज कधी ९ दाखवतं.

गॅरेज_सांगली

अडॅप्टर ठीक असावं. डिझेल इंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्त हवा घेऊन चालतं, पेट्रोलसारखं ठरलेलं प्रमाण नसतं, त्यामुळे तो ट्रिमच नसतो. हवेवरून डिझेल काढणारं ॲपचं गणितही तुम्हाला लागू नाही, ते ९ विसरून जा. गाडी स्वतः Engine Fuel Rate देत असेल तर तो वापरा. कूलंट मात्र तुम्ही आवर्जून बघा. तुमच्याकडे डीपीएफ आहे, आणि इंजिन कायम थंड राहिलं तर त्यातली काजळी जाळायची प्रक्रिया नीट सुरू होत नाही. तो खर्च थर्मोस्टॅटच्या कितीतरी पट आहे.

प्रश्नचिन्ह

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय, ते मी देतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर नसतो, फक्त मॅनिफोल्डचं प्रेशर असतं. मग ॲप हवेचा अंदाज असा काढतं:

```
MAF (g/s) = RPM × MAP / IAT / 120 × VE × litre × 3.4845
```

MAP किलोपास्कलमध्ये, IAT केल्विनमध्ये. VE म्हणजे सिलिंडर किती भरतो, तो आकडा ॲपच्या व्हेइकल प्रोफाइलमध्ये आपणच द्यायचा असतो. ताईंचे आकडे घालतो: २००० आरपीएम, ४५, २७ अंश म्हणजे ३००, VE ०.८०, १.२ लिटर. हवा ८.३६ ग्रॅम दर सेकंदाला. तिला १४.७ ने, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या प्रमाणाने भागलं आणि लिटरला ७४५ ग्रॅम धरलं तर ताशी २.७५ लिटर, म्हणजे ६० च्या वेगाला २१.८ किलोमीटर. तीच हवा ई२० च्या १३.५ ने भागली आणि लिटरला ७५५ ग्रॅम धरलं तर ताशी २.९५ लिटर, ॲव्हरेज २०.३. गाडी तीच, क्षण तोच, फक्त भाजक बदलला आणि दीड किलोमीटर गेला.

हा ॲपचा मोठा घोळ आहे. ते इंजेक्टर मोजत नाही, हवेवरून पेट्रोलचा तर्क करतं. त्यात VE सगळ्या आरपीएमला एकच धरतं, प्रत्यक्षात तो बदलतो. आणि ट्रिप ॲव्हरेजमध्ये सिग्नलला उभं राहिलेलं धरलंय का तेही बघा, नाहीतर १९ दिसणारच.

गॅरेज_सांगली

गणित बरोबर. मी एवढंच जोडतो की VE चा आकडा शोधत बसू नका. एकाच पंपावर, पहिल्या कटला थांबून दोन-तीन टाक्या भरा. ॲपने जितके लिटर दाखवले आणि खरे जितके भरले त्यांचं गुणोत्तर काढा आणि VE त्याच प्रमाणात वाढवा किंवा कमी करा. Torque च्या व्हेइकल प्रोफाइलमध्ये तो बदलता येतो. मग आजची ट्रिप आणि कालची ट्रिप यांची तुलना करायला ॲप चांगलं कामाला येतं. टाकीचा हिशेब मात्र सोडू नका.

किलोमीटरराव

माझं अडॅप्टर स्वस्तातलं आहे, v1.5 लिहिलंय. आकडे दोन-दोन सेकंद अडकतात. आणि आयफोनला दिसतच नाही.

न्यूजर्सीकर

ईएलएम३२७ बनवणाऱ्या कंपनीने १.५ ही आवृत्ती काढलीच नव्हती. तो शिक्का दिसला की नक्कल समजायची. नक्कल असूनही बरीच चालतात, पण सावकाश. एका वेळी पंधरा आकडे मागू नका, चारच ठेवा, लगेच सुधारेल. आयफोनला ब्लूटूथ एलई किंवा वायफायवालं लागतं, जुनं ब्लूटूथ त्याला दिसत नाही. आणि गाडी उभी असताना काढून ठेवत जा. त्या पोर्टला बॅटरीचा कायम करंट असतो.

प्राजक्ता_नाशिक

आज सकाळी इग्निशन ऑन करून बघितलं. कूलंट १४, इनटेक १५. म्हणजे सेन्सर बरोबर. इंजिन चालू केल्यावर वरची नळी कूलंट ४० असतानाच कोमट लागली. जवळच्या गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट बदलायला टाकतेय. काही काळजी घ्यायची का?

गॅरेज_सांगली

झालं निदान. कंपनीच्याच तापमानाचा थर्मोस्टॅट लावायला सांगा. "आपल्याकडे उन्हाळा कडक" म्हणून कमी तापमानाचा लावतात, किंवा जुना काढून वाट मोकळीच ठेवतात. दोन्हींमुळे तुम्ही आज आहात तिथेच परत याल. कूलंट तुमच्या पुस्तकात लिहिलेलंच भरायचं, नळाचं पाणी नाही. भरल्यावर सिस्टिममधली हवा नीट काढली पाहिजे. हवा राहिली तर आकडा अचानक दहा-पंधरा अंश उडी मारतो आणि हीटर मधेच गार हवा देतो. पहिले काही दिवस ॲपवर लक्ष ठेवा. १०५ च्या वर गेलं तर बाजूला घेऊन इंजिन बंद. गरम असताना झाकण उघडायचं नाही.

प्राजक्ता_नाशिक

फेब्रुवारी संपताना कळवतेय. थर्मोस्टॅट बदलला. जुना बाहेर काढल्यावर गार असतानाही उघडाच होता, झडपेखाली गंजासारखा गाळ अडकलेला. आता हायवेला कूलंट ८६ ते ९० राहतं, वेग वाढवला तरी उतरत नाही. लाँग टर्म +४.७ आहे, म्हणजे फारसा हलला नाही. टाकीच्या हिशेबाने १५.८ येतंय. VE वाढवून ॲपही आता टाकीच्या जवळ आलंय.

किलोमीटरराव

१६.३ यायला हवं होतं ना? अर्धा किलोमीटर कुठे गेला? इंजेक्टर साफ करून घ्या हे मी अजूनही म्हणतो.

प्रश्नचिन्ह

अर्ध्या किलोमीटरसाठी इंजेक्टर कशाला? १७ हा आकडा वेगवेगळ्या ऋतूंचा आहे, १५.८ एका महिन्याचा. टायर जुने-नवे, हवा किती, एसी किती, हे सगळं त्यात मिसळलंय.

गॅरेज_सांगली

मलाही इंजेक्टर वाटत नाही, पण तपासता येतं. न्यूट्रलला, एसी बंद, शॉर्ट आणि लाँगची बेरीज लिहा. मग २५०० आरपीएमला धरून लिहा, मग चौथ्या गिअरमध्ये चढावर लोड देऊन. लोडबरोबर बेरीज वाढत गेली तर पेट्रोल कमी पोचतंय, फिल्टर-पंप-इंजेक्टरकडे बघायचं. तिन्हीकडे चार-पाचच राहिली तर इंधनाचाच गुण आहे, पैसे वाचवा. प्रेशर सेन्सरवाल्या गाडीत छोटी हवेची गळती ट्रिममध्ये फारशी दिसत नाही, आयडल चढं दिसतं, तेवढं ध्यानात ठेवा.

पनवेल_सीएनजी

बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आहे. गॅसवर लाँग टर्म +१४, पेट्रोलवर गेल्यावर थोडा वेळ गाडी जड चालते, मागून पेट्रोलचा वास येतो. हेही थर्मोस्टॅट का?

गॅरेज_सांगली

नाही. गॅसचं ट्यूनिंग पातळ आहे. पेट्रोलचा ईसीयू गॅसवर +१४ शिकतो आणि पेट्रोलवर आल्यावरही तेवढंच जास्त टाकतो, नवीन शिकेपर्यंत. म्हणून वास. गरम इंजिनवर आधी पेट्रोलवर बराच वेळ चालवून ट्रिम बघा, मग गॅसवर टाकून बघा. दोन्हींत दहाहून जास्त फरक असेल तर किटवाल्याकडे लॅपटॉप लावून मॅप जुळवून घ्या. आधी गॅसचा फिल्टर कधी बदलला ते सांगा.

प्राजक्ता_नाशिक

न्यूट्रल +५.५, २५०० ला +४.७, इगतपुरीच्या चढावर +६.३. इंजेक्टर राहू देते. घाटात ऑक्सिजनचा व्होल्टेज पण बघितला. पाय सोडल्यावर दोनेक सेकंदांत 0.02 V वर जाऊन तिथेच बसतो. थर्मोस्टॅट बदलायच्या आधी हे बघितलं नव्हतं, त्यामुळे तेव्हा उताराला पेट्रोल चालू होतं की नाही ते आता कळायला मार्ग नाही. कोणाची गाडी हायवेला साठीत चालत असेल तर पार्ट बदलण्याआधी घाटात हे बघून इथे लिहा.